चार रकान्यांचा मेल

आमच्या सोसायटीची गच्ची गळायची. बेचाळीस फ्लॅट, तीस वर्षांची इमारत, आणि वरच्या मजल्यावरच्या चार घरांत दर जुलैला छताला नकाशे उमटायचे. जुना कोबा काढून नवा ब्रिकबॅट कोबा घालायचं ठरलं आणि नेहमीप्रमाणे तीन कोटेशनं मागवली. सेक्रेटरी मी होतो. तिन्ही कोटेशनं आली तेव्हा सभासदांना कळवायचं म्हणून मी रात्री बसून एक मेल लिहिला. अगदी मनापासून, सविस्तर. पहिल्या परिच्छेदात पहिला कंत्राटदार, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात तिसरा. खाली तिन्ही पीडीएफ जोडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा उत्तरं आली आणि त्यांतल्या नऊ जणांनी एकच लिहिलं होतं : ‘सर्वांत स्वस्त आहे त्याला द्या.’ त्यांच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त म्हणजे तिसरा. त्याच्या परिच्छेदात ६,७५,००० हा आकडा होता, पहिल्याच्या परिच्छेदात ७,०४,००० आणि दुसऱ्याच्या ८,१९,२००. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, जिन्यात भेटले. म्हणाले, “अहो सेक्रेटरीसाहेब, तुम्ही आंबे, फणस आणि काजू एकाच तराजूत घातलेत. वजन करायच्या आधी जरा वेगळे तरी करा.”

काकांचं म्हणणं मला त्यांच्या डायनिंग टेबलावर, तिन्ही पीडीएफ शेजारी-शेजारी ठेवल्यावर कळलं. पहिल्या कंत्राटदाराने, त्याला ‘अ’ म्हणू, चौरस फुटाला ११० रुपये दर लावला होता. गच्ची ६,४०० चौरस फूट, म्हणून ७,०४,०००. खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’. कोब्यासारख्या कामाच्या कंत्राटाला जीएसटी अठरा टक्के लागतो, म्हणजे खरा आकडा ८,३०,७२०. दुसरा, ‘ब’, याचा दर १२८ रुपये. ऐकताना महाग. पण त्याच्या दरात जीएसटी आधीच धरलेला होता, त्यामुळे ६,४०० फुटांचे ८,१९,२०० म्हणजे तेवढेच, पुढे काही नाही.

तिसऱ्याचं, ‘क’चं, प्रकरण जास्त गमतीचं. त्याचा दर १०० रुपये, सगळ्यांत कमी. पण त्याने गच्ची ६,७५० चौरस फूट मोजली होती. फोन करून विचारलं तेव्हा कळलं की कठड्याला आतून एक फूट उंचीपर्यंत कोबा चढवतात, ते ३५० फूट त्याने वेगळे मोजले होते. अ आणि ब तेच काम करणार होते, पण त्यांनी ते दरातच धरलं होतं. शिवाय कच्या कोटेशनमध्ये जुन्या कोब्याचा राडारोडा उचलायचे पैसे नव्हते. त्याचे ३५,००० वेगळे, आणि त्यावरही जीएसटी. हिशेब असा झाला : ६,७५,००० अधिक १,२१,५०० जीएसटी, अधिक राडारोड्याचे जीएसटीसकट ४१,३००. एकूण ८,३७,८००.

म्हणजे ज्याला नऊ जणांनी सर्वांत स्वस्त म्हटलं होतं तो सर्वांत महाग निघाला, आणि जो सर्वांत महाग दिसत होता तो सर्वांत स्वस्त. क्रम बरोबर उलटा. आणि यात कुणी कुणाला फसवलं होतं असं म्हणता येणार नाही. प्रत्येकाने आपापल्या सवयीने कोटेशन लिहिलं होतं, मी ते जसंच्या तसं मेलमध्ये उतरवलं होतं. चूक माझ्या उतरवण्यात होती. परिच्छेदात आकडा आला की वाचणारा तेवढा आकडा उचलतो आणि त्याच्या मागेपुढे चिकटलेलं ‘वेगळा’, ‘अधिक’, ‘वगळून’ गाळतो. तक्ता करायला बसलो असतो तर ‘एकूण खर्च’ या ओळीवर आल्या आल्या मला थांबावं लागलं असतं, कारण तीन चौकटींत तीन जातीचे आकडे बसले नसते.

इथे एक जपून सांगायची गोष्ट आहे. जीएसटी धरून तुलना करायची की सोडून, हे वाचणारा कोण यावर ठरतं. आमच्या सोसायटीला भरलेला कर परत वजावट म्हणून मिळत नाही, म्हणून आमच्यासाठी कर म्हणजे खर्चच. एखाद्या नोंदणीकृत कारखान्याला तो वजावटीत मिळत असेल तर त्याने करापूर्वीच्या आकड्यांची तुलना करावी. दोन्हींपैकी काहीही चालेल. तीनही रकान्यांत एकच हवं, आणि ओळीच्या नावात ते लिहिलेलं हवं.

मग दुसरा मेल केला. वर तीन वाक्यं : गच्चीच्या कामासाठी तीन कोटेशनं आली आहेत, तिन्ही एकाच मापावर आणून खाली मांडली आहेत, १८ मार्चपर्यंत आपलं मत कळवा. त्याखाली हे :

| | अ | ब | क |
|---|---|---|---|
| एकूण खर्च, जीएसटी व राडारोडा धरून (रु.) | ८,३०,७२० | ८,१९,२०० | ८,३७,८०० |
| काम सुरू | ६ एप्रिल | ४ मे | १३ एप्रिल |
| काम पूर्ण | १२ मे | १२ जून | ७ मे |
| गळतीची हमी | ५ वर्षे | ७ वर्षे | ५ वर्षे, वार्षिक तपासणीचे पैसे वेगळे |
| आगाऊ | ४०% | ३०% | ५०% |
| पाणी कोंडून चाचणी झाल्यावर द्यायची रक्कम | १०% | १०% | विचारले, उत्तर नाही |

तक्त्याखाली दोन ओळी : कच्या ६,७५,००० चे ८,३७,८०० कसे झाले ते, आणि मूळ कोटेशनं सोबत जोडली आहेत हे. बस. आधीचा मेल चारशे शब्दांचा होता, हा शंभराच्या आसपास.

या तक्त्यातली एकेक ओळ भांडून मिळवलेली आहे. पहिल्या खर्ड्यात माझ्या पंधरा ओळी होत्या : सिमेंटचा ब्रँड, कंत्राटदाराचा अनुभव, मजुरांची राहण्याची सोय, किती आणि काय. काकांनी पेन्सिलीने नऊ खोडल्या. त्यांची कसोटी सोपी होती. ज्या ओळीत तिघांचं उत्तर सारखंच आहे ती ओळ निवड करायला काही मदत करत नाही. तिघेही एकाच प्रतीचं सिमेंट वापरणार होते, तर ते वर एका वाक्यात सांगा. चौकट कशाला अडवता? आणि ज्या ओळीचं उत्तर एका-दोन शब्दांत मावत नाही, उदाहरणार्थ अनुभव, ती तक्त्यात कोंबली की रकाना फुगतो आणि बाकीचे आकडे चिरडतात. अनुभवाबद्दल आम्ही तक्त्याखाली लिहिलं की अचं आणि बचं आधीचं काम समितीने जाऊन पाहिलं आहे, कचं पाहता आलेलं नाही.

रिकामी चौकट ठेवायची नाही हा काकांचा दुसरा हट्ट. कच्या शेवटच्या चौकटीत मी आधी नुसती रेघ मारली होती. काका म्हणाले, “या रेघेचा अर्थ काय? शून्य टक्के? लागू नाही? की तुम्ही विचारायलाच विसरलात?” तीनही अर्थ निघू शकत होते. ‘विचारले, उत्तर नाही’ असं लिहिल्यावर अर्थ एकच राहिला, आणि त्या तीन शब्दांनी कबद्दल बरंच काही सांगितलं. पुढच्या आठ दिवसांतही त्याचं उत्तर आलं नाही.

तारखांच्या ओळी सर्वांत उपयोगी पडतील असं मला वाटलं नव्हतं. कोटेशनमध्ये तारखा नव्हत्याच, होते दिवस. अने ३० कामाचे दिवस लिहिले होते, बने ३५, कने २०. नुसते हे आकडे तक्त्यात घातले असते तर बचे पाच दिवस जास्त, एवढंच दिसलं असतं. पण ब ४ मेच्या आधी मोकळा नव्हता. मग कॅलेंडर घेऊन रविवार आणि एप्रिल-मेमधल्या १४ एप्रिल आणि १ मे या सुट्ट्या वगळून दिवस मोजले आणि प्रत्येकाची शेवटची तारीख काढली. बचं काम १२ जूनपर्यंत जात होतं. आपल्याकडे त्या सुमाराला पाऊस दाराशी आलेला असतो. उघडी केलेली गच्ची आणि पहिला वळीव, हे चित्र बेचाळीस घरांना समजावून सांगायला परिच्छेद लागत नाही. ‘१२ जून’ एवढं पुरतं. दिवसांच्या संख्येची तुलना आणि शेवटच्या तारखेची तुलना या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाचणाऱ्याला जवळजवळ नेहमी दुसरी हवी असते.

तारीख लिहितानाही महिना अक्षरात लिहावा. आमचे चार सभासद परदेशात आहेत. ‘०६/०४’ हे पुण्यात सहा एप्रिल, पण न्यूजर्सीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याला चार जून.

आता थोडं तांत्रिक. तक्ता मेलमध्ये घालायचा कसा, यात बहुतेकांची फसगत होते ती एकाच ठिकाणी : स्पेस दाबून दाबून रकाने जुळवण्यात. आपल्या पडद्यावर ते सुरेख जुळलेले दिसतात. पण मेलच्या नेहमीच्या टाइपात प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, देवनागरीत तर फारच. समोरच्याकडे टाइप बदलला, अक्षर जरा मोठं झालं, की बचा आकडा अच्या खाली सरकतो. आणि सरकलेला आकडा चुकीचा दिसत नाही, तो फक्त दुसऱ्याचा होतो. हे नुसत्या गिचमिडीपेक्षा वाईट.

आउटलुकमध्ये मेल लिहिताना `Insert` मध्ये जाऊन `Table` निवडलं की खरा तक्ता मिळतो. जीमेल वापरत असाल तर सोपा मार्ग म्हणजे गूगल शीट्स किंवा डॉक्समध्ये तक्ता करायचा, तेवढाच भाग निवडून कॉपी करायचा आणि मेलमध्ये पेस्ट करायचा. चौकटी तशाच येतात. हे काम कॉम्प्युटरवर करावं. मोबाइलवरून चिकटवताना चौकटी हरवण्याची शक्यता जास्त. पाठवण्याआधी स्वतःलाच एक प्रत पाठवावी आणि ती फोनवर उघडून पाहावी. त्या एका मिनिटात बहुतेक दुखणी कळतात.

काही जण एक्सेलचा फोटो काढून, म्हणजे स्क्रीनशॉट घेऊन मेलमध्ये डकवतात. दिसायला नेटका, वापरायला निकामी. फोनवर आकडे बारीक होतात, काही ठिकाणी मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत, सहा महिन्यांनी ‘राडारोडा’ असा शब्द टाकून शोधलं तर तो मेल सापडत नाही, आणि ज्यांना नीट दिसत नाही आणि जे फोनकडून मेल वाचून घेतात, त्यांच्यासाठी तिथे काहीच नसतं. आमच्या पहिल्या मजल्यावरचे आजोबा असेच मेल ‘ऐकतात’. तक्ता ऐकताना तो आडवा, ओळीओळीने वाचला जातो, म्हणून प्रत्येक आडव्या ओळीला स्वतःचं पूर्ण नाव हवं. ‘एकूण’ पुरत नाही. ‘एकूण खर्च, जीएसटी व राडारोडा धरून’ हवं.

रकाने किती? फोन उभा धरला तर चार रकाने जेमतेम मावतात, पाचवा आला की एक तर अक्षर मुंगीएवढं होतं किंवा बोटाने सरकवावं लागतं, आणि सरकवलं की ओळींची नावं पडद्याबाहेर जातात. तीन कोटेशनं आहेत तोवर कंत्राटदार वरच्या बाजूला आणि मुद्दे डावीकडे हे ठीक. सहा-सात कोटेशनं असतील तर उलटं करा : कंत्राटदार डावीकडे एकाखाली एक, आणि वर फक्त खर्च आणि शेवटची तारीख. आकडे उजवीकडे टेकवून लिहिले की एककाखाली एकक, लाखाखाली लाख येतो आणि कोणता मोठा ते वाचायच्या आधीच डोळ्याला कळतं.

आणि मग व्हॉट्सअ‍ॅप. सेक्रेटरीचा मेल मेलमध्येच राहील अशी आशा करणारा माणूस कधी सोसायटीत राहिलेला नसावा. पाठवल्यापासून दहा मिनिटांत कुणीतरी तो कॉपी करून ग्रुपवर टाकतं, आणि तिथे तक्त्याच्या चौकटी गळून पडतात : ‘अ ब क’, मग एक आकडा, मग दुसरा, सगळं एका लांब दोरीत. म्हणून मी तक्त्याखालीच तोच मजकूर तीन ओळींत दिला होता :

अ : ८,३०,७२० रु.; ६ एप्रिल ते १२ मे; हमी ५ वर्षे; आगाऊ ४०%
ब : ८,१९,२०० रु.; ४ मे ते १२ जून; हमी ७ वर्षे; आगाऊ ३०%
क : ८,३७,८०० रु.; १३ एप्रिल ते ७ मे; हमी ५ वर्षे; आगाऊ ५०%

मुद्दे चारच, आणि तिन्ही ओळींत त्याच क्रमाने. क्रम एकदा जरी बदलला तरी यादीचा उपयोग संपतो, कारण यादीत वाचणारा जागेवरून ओळखतो की हा कोणता आकडा. खरं सांगायचं तर दोन-तीन पर्याय आणि दोन-तीन मुद्दे असतील तर तक्त्याच्या वाटेला जाऊच नये. अशी यादी कुठेही पाठवा, मोडत नाही.

परदेशातल्या सभासदांसाठी ऑनलाइन सभेची वेळ ठरवताना हेच केलं. दोन पर्याय होते :

पर्याय १ : भारतात शनिवार २१ मार्च, रात्री ८. दुबईत शनिवारी संध्याकाळी ६:३०, लंडनला शनिवारी दुपारी २:३०, न्यूजर्सीत शनिवारी सकाळी १०:३०.
पर्याय २ : भारतात रविवार २२ मार्च, सकाळी ९. दुबईत रविवारी सकाळी ७:३०, लंडनला रविवारी पहाटे ३:३०, न्यूजर्सीत शनिवारी रात्री ११:३०.

वार प्रत्येक गावासोबत पुन्हा लिहिला आहे तो हौस म्हणून नाही. दुसऱ्या पर्यायात न्यूजर्सीचा वारच बदलतो. आणि मार्च हा महिना तसाही दगाबाज. अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी, आपण आणि दुबई कधीच नाही. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूजर्सी यांच्यातलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चारच तासांचं होतं. पाठ असलेल्या हिशेबावर विसंबून मी आधी लंडनची वेळ ३:३० लिहिली होती. तिथे राहणाऱ्या सभासद ताईंनीच दुरुस्त केली. दोनच पर्याय लिहून पाहिल्यावर पहिला सोडून दुसरं काही शक्य नाही हे सगळ्यांना दिसलं आणि ‘मला चालेल’, ‘मला नाही चालणार’ या पंचवीस मेलांची वरात वाचली.

एक चूक मात्र दुसऱ्या मेललाही झाली. दोन दिवसांनी अने आगाऊ रक्कम ४० वरून ३५ टक्क्यांवर आणायची तयारी दाखवली. एका समिती सदस्याने ‘सर्वांना उत्तर’ करून, खाली उद्धृत झालेल्या माझ्याच तक्त्यात ४० खोडून ३५ केलं. आता मेलच्या साखळीत दोन तक्ते, दिसायला जुळे, एक आकडा वेगळा. शिवाय उत्तरावर उत्तर आलं की जुना मजकूर आत आत सरकतो आणि तक्ता अरुंद होत जातो. चौथ्या उत्तरात तो फोनवर वाचण्याजोगाही राहिला नव्हता. जुन्या तक्त्याला हात न लावता नवा तक्ता मेलच्या डोक्यावर घालायचा, त्याच्या वर ‘१४ मार्चची सुधारित स्थिती, अची आगाऊ रक्कम बदलली’ एवढं लिहायचं, हे नंतर सुचलं.

२१ तारखेच्या सभेत चर्चा पाऊण तास चालली. त्यात ‘सर्वांत स्वस्त कोण’ यावर कुणी बोललं नाही. अ आणि ब यांच्यात फरक ११,५२० रुपयांचा, बेचाळीस घरांत वाटला तर घरामागे पावणेतीनशे. एका पारड्यात तेवढे पैसे आणि दोन वर्षांची जास्त हमी, दुसऱ्यात १२ मे आणि १२ जून यांच्यातला महिना. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हमीचा मुद्दा काढला, मग स्वतःच म्हणाल्या, “पण या वर्षी छत उघडं असताना पाऊस आला तर सात वर्षांची हमी घेऊन मी काय करू?” काम अला दिलं.

कोबा १४ मेला झाला, दोन दिवस उशिरा. गच्चीची पन्हाळी बुजवून तीन दिवस पाणी कोंडून ठेवलं, खालच्या चारही घरांत छताला हात लावून पाहिला, कोरडं होतं. मग ८३,०७२ रुपयांचा शेवटचा चेक काढला.